मान्यतेस्तव सादर

मंत्रालयातली कोणतीही नस्ती उघडली की तिचे दोन भाग दिसतात. एकात आलेली-गेलेली पत्रे, अर्ज, देयके, प्रमाणपत्रे. हा पत्रव्यवहार विभाग. दुसऱ्यात कार्यालयाने त्या कागदांवर केलेला विचार. हा टिप्पणी विभाग. नागरिकाला किंवा कर्मचाऱ्याला आपला अर्ज माहीत असतो आणि शेवटी हाती पडलेला आदेश माहीत असतो. या दोन कागदांच्या मध्ये जे घडते, ते टिप्पणी विभागात घडते. आता बहुतेक नस्त्या ई-ऑफिसच्या पडद्यावर फिरतात, पण ही विभागणी तशीच राहिली आहे.

टिप्पणी बहुधा सहायक कक्ष अधिकारी लिहितो. मग ती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी वर चढते आणि गरज असेल तर मंत्र्यांपर्यंत जाते. वर जाताना प्रत्येकाकडे तिच्यासाठी वेळ कमी होत जातो. सचिवांपुढे एका दिवसात अशा कितीतरी नस्त्या येतात आणि त्यांतली प्रत्येक मुळापासून वाचणे शक्य नसते. म्हणून खालच्या पायरीवर लिहिलेली दोन-तीन पानेच प्रत्यक्षात निर्णयाचा पाया ठरतात. त्या पानांत जे आले नाही, ते निर्णय घेणाऱ्याला बहुधा कळतच नाही.

एक प्रकरण धरून चालू. ते काल्पनिक आहे, पण अशी प्रकरणे प्रत्येक विभागात येतात. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या एका लिपिकाच्या आईला मज्जासंस्थेचा आजार झाला. सकाळी पायांतली ताकद गेली आणि रात्रीपर्यंत श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. जिल्हा रुग्णालयातले कृत्रिम श्वसनयंत्र मोकळे नव्हते, म्हणून नातेवाइकांनी तिला जवळच्या खासगी रुग्णालयात दाखल केले. ती बरी होऊन घरी आली. देयक झाले ६,४२,००० रुपयांचे. लिपिकाने खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी अर्ज केला आणि तो कार्यालय, जिल्हा, संचालनालय अशा पायऱ्या चढत मंत्रालयातल्या प्रशासकीय विभागात पोहोचला.

पहिला प्रश्न नियमाचा. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या औषधोपचाराचा आधार महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, १९६१ हा आहे. कर्मचाऱ्याने आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांनी शासकीय रुग्णालयात उपचार घ्यावेत, ही या नियमांची मूळ चौकट. खासगी रुग्णालयाचा खर्च देणे हा त्याला अपवाद आहे. हा अपवाद कोणत्या आजारांना, हे सार्वजनिक आरोग्य विभागाच्या १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयाने ठरवले. त्यात २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांच्या याद्या आहेत. पुढे कोरोनाच्या साथीत कोविडचाही त्यात समावेश झाला. आपल्या प्रकरणात आजाराचे नाव यादीत सापडत नाही, असे धरू.

इथेच टिप्पणी लिहिणाऱ्याची पहिली कसोटी लागते. घाईत लिहिलेली टिप्पणी म्हणते, ‘शासन निर्णय दि. १९.३.२००५ अन्वये प्रस्ताव सादर.’ वाक्य वाचताना भरीव वाटते, पण त्यातून काहीच कळत नाही. त्या निर्णयाने हा खर्च मिळतो की मिळत नाही? चांगली टिप्पणी नियमाचे नाव सांगून थांबत नाही. नियमात नेमके काय आहे ते ती एका वाक्यात सांगते आणि पुढे लिहिते: ‘प्रस्तुत आजार उपरोक्त याद्यांमध्ये नमूद नाही. सबब, विद्यमान तरतुदीनुसार प्रतिपूर्ती अनुज्ञेय ठरत नाही. तथापि, रुग्ण आकस्मिक परिस्थितीत दाखल झाल्याचे जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रमाणित केले आहे (पृ. ३१/प.वि.).’ प्रस्ताव मान्य व्हावा असे वाटत असतानाही नियम विरुद्ध जातो हे आधी कबूल करणे, हे चांगल्या टिप्पणीचे लक्षण आहे. ही कबुली नसेल तर वरच्या अधिकाऱ्याला वाटते की आपण नियमानुसार मंजुरी देत आहोत. प्रत्यक्षात तो नियम शिथिल करत असतो, आणि त्यासाठी लागणारा अधिकार कदाचित त्याच्याकडे नसतो.

नियमाच्या परिच्छेदात आणखी एक चूक वारंवार होते, ती म्हणजे जुन्या आवृत्तीची. शासन निर्णय सुधारले जातात, अधिक्रमित होतात, त्यांना शुद्धिपत्रके निघतात. मागच्या नस्तीतून उतरवलेला परिच्छेद तीन वर्षांपूर्वी बरोबर असतो आणि आज चुकीचा असतो. उपचार ज्या दिवशी घेतले, त्या दिवशी कोणता निर्णय लागू होता हे तपासल्याशिवाय संदर्भ देऊ नये, हे जुने कक्ष अधिकारी नव्या सहायकांना पुन्हा पुन्हा सांगतात.

मग प्रश्न येतो, शिथिल कोणी करायचे? लिपिक ज्या विभागात काम करतो त्या विभागाचे सचिव हे करू शकत नाहीत, कारण नियम सार्वजनिक आरोग्य विभागाचा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६(३) खाली राज्यपालांनी केलेल्या कार्यनियमावलीत कोणता विषय कोणत्या विभागाचा हे वाटून दिलेले आहे. ज्या आदेशाचा राज्याच्या तिजोरीवर आज किंवा पुढे परिणाम होईल, तो वित्त विभागाशी आधी विचारविनिमय केल्याशिवाय काढू नये, हेही त्याच नियमावलीने घातलेले बंधन आहे. वित्त विभागाने आधीच अधिकार प्रदान केले असतील तेवढा अपवाद. म्हणून आपल्या नस्तीचा प्रवास असा आखावा लागतो: प्रशासकीय विभाग, मग सार्वजनिक आरोग्य विभागाचे अभिप्राय, मग वित्त विभागाची सहमती. टिप्पणीने हा मार्ग स्वतःच सुचवला पाहिजे. तो सुचवला नाही तर नस्ती मंत्र्यांपर्यंत जाते, तिथून ‘वित्त विभागाचे अभिप्राय घ्यावेत’ या शेऱ्यासह परत येते आणि महिने जातात.

दुसरा प्रश्न पूर्वोदाहरणाचा. टिप्पणीचा हा सगळ्यात मोहाचा भाग आहे. ‘यापूर्वीही अशा प्रकरणी मान्यता देण्यात आली आहे’ हे वाक्य वाचले की सही करणाऱ्याचा हात सैल होतो. पण ‘अशा’ म्हणजे कशा, हे तपासायला हवे.

आपल्या प्रकरणात सहायकाने जुन्या नस्त्या काढल्या आणि त्याला चार प्रकरणे सापडली, असे मानू. पहिल्यात आजार हाच होता, पण उपचार शासकीय रुग्णालयात झाले होते. तिथे यादीचा प्रश्नच नव्हता, म्हणून ते प्रकरण इथे उपयोगाचे नाही. दुसऱ्यात आजार वेगळा होता, पण तोही यादीबाहेरचा, रुग्ण आकस्मिक परिस्थितीत दाखल झालेला, आणि विशेष बाब म्हणून दिलेल्या मंजुरीला वित्त विभागाची सहमती घेतलेली. हे खरे पूर्वोदाहरण, कारण ज्या मुद्द्यावर आज निर्णय हवा आहे त्याच मुद्द्यावर तेव्हा सक्षम प्राधिकाऱ्याने विचार करून निर्णय दिला होता. तिसऱ्यात यादीबाहेरचा आजार यादीतला समजून, वित्त विभागाकडे न पाठवता पैसे दिले गेले होते. ती चूक होती. आणि चौथ्यात विनंती नाकारली गेली होती.

तिसऱ्या प्रकरणाचा आधार घ्यायचा मोह होतो, कारण तो लिपिकाच्या बाजूने आहे. पण चंदीगड प्रशासन विरुद्ध जगजित सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे की एकाला बेकायदा लाभ दिला गेला, म्हणून दुसऱ्याला समानतेच्या हक्काखाली तसाच लाभ मागता येत नाही. चूक पुन्हा करायला अनुच्छेद १४ भाग पाडत नाही. टिप्पणीत हे तिसरे प्रकरण आधार म्हणून आले, तर वित्त विभागाचा अधिकारी ती जुनी नस्ती मागवेल आणि मग या लिपिकाचे प्रकरण मागे पडून त्या जुन्या अधिप्रदानाच्या वसुलीची चर्चा सुरू होईल.

चौथे, म्हणजे नाकारलेले प्रकरण बहुतेक टिप्पण्यांत येतच नाही, आणि हे चूक आहे. मंजुरी सुचवणाऱ्या टिप्पणीने तर ते आवर्जून सांगायला हवे. तो रुग्ण ठरवून, तारीख घेऊन शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला होता. आजचा रुग्ण श्वास अडकल्याने मध्यरात्री दाखल झाला. फरक असा मांडला की नाकारलेले प्रकरणच प्रस्तावाला बळ देते. तो दडवला आणि नंतर कोणाच्या नजरेस आला, तर टिप्पणीतल्या बाकीच्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

न्यायनिर्णयांचे वजन पूर्वोदाहरणापेक्षा अधिक, पण तेही जपूनच वापरावे लागतात. शिवकांत झा विरुद्ध भारत सरकार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की रुग्णालय शासनाच्या यादीत नाही एवढ्याच कारणावरून वैद्यकीय खर्चाची मागणी फेटाळता येणार नाही. उपचार खरोखर घेतले का आणि त्यांची नोंद आहे का, हे पाहावे. अर्जदार हा निकाल हमखास जोडतात. मात्र तो केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या संदर्भातला आहे आणि त्यात वाद रुग्णालय यादीत असण्याचा होता. आपल्याकडे प्रश्न आजार यादीत असण्याचा आहे. दुसऱ्या बाजूला, पंजाब राज्य विरुद्ध राम लुभाया बग्गा या १९९८ च्या निकालात त्याच न्यायालयाने, आपल्या आर्थिक कुवतीनुसार प्रतिपूर्तीचे दर आणि मर्यादा ठरवण्याचे राज्याचे धोरण योग्य मानले. प्रामाणिक टिप्पणी दोन्ही निकाल सांगते. पहिल्यातून ती आकस्मिकतेचा मुद्दा घेते. दुसऱ्यातून ती हे घेते की पूर्ण देयक देण्याचे बंधन नाही, शासनाच्या दराने तपासून जेवढे बसते तेवढे द्यावे.

इथून तिसऱ्या प्रश्नाकडे, पैशाकडे वळता येते. जिल्हा शल्यचिकित्सकांनी देयक तपासले. हक्कापेक्षा वरच्या दर्जाच्या खोलीचे भाडे, जेवण, औषध नसलेल्या वस्तू असे १,२३,६०० रुपये त्यांनी वगळले आणि ५,१८,४०० रुपये ग्राह्य धरले. टिप्पणीत हे तिन्ही आकडे हवेत: मागितले किती, वगळले किती व का, देय किती. शिवाय आरोग्य विम्यातून काही मिळाले का, याचे अर्जदाराचे लेखी प्रमाणपत्र हवे, नाहीतर एकाच खर्चाचे पैसे दोनदा जाण्याचा धोका राहतो.

अनेक टिप्पण्यांत वित्तीय भाराचा परिच्छेद एका ओळीत संपतो: ‘सदर खर्च मंजूर तरतुदीतून भागविण्यात येईल.’ या ओळीमागे तपासायच्या गोष्टी बऱ्याच आहेत. मागणी क्रमांक कोणता, लेखाशीर्ष कोणते, त्याखालचे उद्दिष्ट कोणते. त्या उद्दिष्टाखाली वर्षभरासाठी तरतूद किती होती, आजपर्यंत खर्च किती झाला, शिल्लक किती. तरतूद अर्थसंकल्पात असणे आणि ती अर्थसंकल्पीय वितरण प्रणालीवर, म्हणजे ‘बीम्स’वर, संबंधित आहरण व संवितरण अधिकाऱ्याला प्रत्यक्ष वितरित झालेली असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिल्लक पुरत नसेल तर ती दुसऱ्या उद्दिष्टातून पुनर्विनियोजनाने आणायची की पूरक मागणी करायची, हे सांगावे लागते. नस्ती फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरत असेल तर ३१ मार्चला अखर्चित तरतूद व्यपगत होते, हेही ध्यानात ठेवावे लागते. मंजुरी २८ मार्चला मिळाली आणि देयक कोषागारात वेळेत गेले नाही, तर मंजुरी हातात राहते आणि पैसा परत जातो.

पण वित्त विभागाला खरी काळजी या पाच लाखांची नसते. तो विचारतो, हे एकाला दिले तर आणखी किती जण मागतील? कार्यनियमावलीतले ‘पुढे होणारा परिणाम’ हे शब्द त्यासाठीच आहेत. एका लिपिकासाठी यादी शिथिल झाली की त्या आजाराचा प्रत्येक कर्मचारी तोच आदेश जोडून अर्ज करेल. म्हणून जाणता सहायक हा प्रश्न येण्याआधीच उत्तर लिहून ठेवतो: आपल्या विभागात अशी आणखी दोन प्रकरणे प्रलंबित आहेत, त्यांची ग्राह्य रक्कम अमुक आहे, आणि दोन्हींत रुग्ण आकस्मिक दाखल झाले होते की नव्हते. हा आकडा मोठा असेल तर वैयक्तिक शिथिलता हा मार्गच चुकीचा ठरतो. मग यादीतच भर घालण्याचा प्रस्ताव सार्वजनिक आरोग्य विभागाने तयार करावा, असे सुचवणे योग्य. कोविडच्या बाबतीत सर्वसाधारण आदेश काढणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. हजारो नस्त्या एकेक करून वर पाठवण्यात कोणाचेच भले नव्हते.

‘सदर मान्यता पूर्वोदाहरण म्हणून गणण्यात येणार नाही’ हे वाक्य अशा आदेशांच्या शेवटी ठरलेले असते. त्याचा उपयोग मर्यादित आहे. सारख्याच परिस्थितीतला दुसरा कर्मचारी न्यायाधिकरणात गेला, तर फरक का केला याचे कारण शासनाला द्यावेच लागते, आणि ते कारण त्या वाक्यात नसते. ते टिप्पणीत असावे लागते. कोणत्या परिस्थितीमुळे ही विशेष बाब झाली, हे नेमके लिहिले असेल तरच मर्यादा टिकते.

सगळ्यात शेवटी येतो प्रस्तावाचा परिच्छेद, ज्याच्याखाली सही होते. यातली गफलत सगळ्यात महाग पडते. टिप्पणीत ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन पर्याय मांडलेले असतात, शेवटी ‘आदेशार्थ सादर’ एवढेच असते, आणि वर शेरा पडतो ‘मान्य’. काय मान्य? नस्ती पुन्हा तोच जिना चढते. नीट लिहिलेला परिच्छेद असा असतो: ‘सबब, श्री. … यांच्या मातोश्रींवरील उपचारांचा, जिल्हा शल्यचिकित्सकांनी ग्राह्य ठरविलेला रु. ५,१८,४००/- इतका खर्च, रुग्ण आकस्मिक स्थितीत दाखल झाल्याची बाब विचारात घेऊन, दि. १९.३.२००५ च्या शासन निर्णयातील आजारांच्या यादीची अट शिथिल करून, विशेष बाब म्हणून प्रतिपूर्त करण्यास मान्यता असावी. मान्य झाल्यास नस्ती प्रथम सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अभिप्रायार्थ व तद्नंतर वित्त विभागाच्या सहमतीस्तव पाठविण्यात येईल.’ रक्कम, कारण, शिथिल होणारी अट, पुढचा मार्ग, सगळे एका ठिकाणी. याच्याखाली नुसते ‘मान्य’ पडले तरी अर्थ एकच निघतो.

वित्त विभागाने सहमती दिली तर तिचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक आदेशात येतो. शासन निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदांत वाचकांनी तो पाहिला असेल. नाकारली, आणि तरी विभागाला प्रस्ताव पुढे रेटायचा असेल, तर तो मंत्रिमंडळापुढे न्यावा लागतो. एका लिपिकाच्या देयकासाठी कोणी तिथवर जात नाही. म्हणून अशा प्रकरणांत वित्त विभागाचा नकार हा बहुधा शेवटचाच ठरतो आणि टिप्पणीचे सारे बळ त्या एका टेबलावर पणाला लागते.

मंत्र्यांची सही झाली म्हणजे काम झाले, असा समज सगळीकडे आहे. ‘साहेबांनी सही केली आहे, आता फक्त पत्र यायचे आहे’ असे अर्जदार आनंदाने सांगतात. कायदा तसे मानत नाही. बच्छित्तर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९६२ च्या प्रकरणात पेप्सू राज्याच्या महसूल मंत्र्यांनी बडतर्फ कर्मचाऱ्याची शिक्षा सौम्य करावी असे नस्तीवर लिहिले होते. आदेश निघण्याआधीच पेप्सूचे पंजाबात विलीनीकरण झाले आणि नस्ती पंजाबच्या मुख्यमंत्र्यांकडे गेली. त्यांनी बडतर्फी कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नस्तीवरचा शेरा हा आदेश नव्हे. तो राज्यपालांच्या नावाने आदेशाच्या रूपात निघून संबंधिताला कळवला जाईपर्यंत बदलता येतो. आपल्या लिपिकाचा हक्कही मंजुरीचे ज्ञापन त्याच्या नावे निघेल, तेव्हाच तयार होतो.

टिप्पणी बाहेरच्यांनी वाचावी की नाही, यावर मोठा वाद झाला आणि त्याचे एक पर्व महाराष्ट्रात घडले. माहितीचा अधिकार कायदा २००५ मध्ये आला. नस्तीवरील टिप्पण्या माहितीतच मोडतात, असे केंद्रीय माहिती आयोगाने २००६ च्या सुरुवातीला ठरवले. त्या वर्षी केंद्राने टिप्पण्या वगळण्याची दुरुस्ती पुढे आणली. तिच्याविरुद्ध अण्णा हजारे यांनी ऑगस्टमध्ये आळंदीत उपोषण केले आणि दुरुस्ती बारगळली. ती झाली असती, तर नकार मिळालेल्या कर्मचाऱ्याला ‘आपली विनंती मान्य करता येत नाही’ या एका ओळीपलीकडे काहीच वाचायला मिळाले नसते.

आज तो आपल्याच प्रकरणाच्या टिप्पण्यांची प्रत मागू शकतो आणि नकार नेमका कोणत्या टेबलावर, कोणत्या कारणाने आला हे पाहू शकतो. कारण कागदाच्या अभावाचे असेल, तर ते दुरुस्त होते. अशा प्रकरणांत अर्जदार देयकांची प्रत्येक पावती जपून जोडतो, पण रुग्णाला दाखल करतानाची वैद्यकीय नोंद जोडायची राहते. तिच्यात किती वाजता आणले, श्वसनाची स्थिती काय होती, श्वसनयंत्र केव्हा लावले हे असते. जिल्हा रुग्णालयात यंत्र मोकळे नव्हते, याचा दाखलाही कोणी मागून घेत नाही. हे दोन कागद अर्जासोबत असले, तर आकस्मिकतेचा मुद्दा लिहिताना सहायकाला पत्रव्यवहार विभागाचा पृष्ठ क्रमांक देता येतो. नसले, तर त्या जागी ‘अर्जदाराच्या म्हणण्यानुसार’ एवढेच लिहिता येते, आणि वित्त विभागाची पेन्सिल नेमकी तिथे थांबते.